पंधरा तासांचा एक मार्क

आमच्या कारखान्यात त्यांना सगळे मायक्रॉनमामा म्हणत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि तेवढ्यावरून ते कुणाशीही अर्धा तास वाद घालू शकत. लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. मी तिथे तपासणीच्या टेबलावर नवीन लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं मोजमाप चुकीचं ठरवलं, आणि ते खरंच चुकलेलं निघालं. तेव्हापासून आमची दोस्ती.

साडेचारच्या चहाला मामा माझ्या टेबलाशी येऊन बसत, कारण तिथे उजेड चांगला असे आणि फोनला रेंज येई. त्या वेळी त्यांची लेक क्लासमधून गणिताचा फोटो पाठवायची. ती दहावीला होती. शाब्दिक उदाहरणं, म्हणजे गोष्टीसारखं लिहिलेलं गणित, तिला सुटत नसत. मामा फोटो बोटांनी मोठा करत, चहाचा घोट घेत, वापरून झालेल्या जॉब कार्डाच्या, म्हणजे तयार होणाऱ्या भागाची मापं नोंदायच्या कार्डाच्या, पाठीवर दोन-चार आकडे खरडत आणि उत्तर लिहून त्याला चौकोन काढत. त्या चौकोनाचा फोटो परत जाई. हे सगळं पाच मिनिटांत. उरलेला चहा ते ज्या रुबाबात पीत, तसा मालकसुद्धा पीत नसेल.

"गणित पोरीचं, पण डोकं बापाचं," एकदा मला म्हणाले. वर्षभर त्यांच्या अंगावर हेच एक पदक होतं.

मग जानेवारीत फोटो कमी झाले. रोजचा एक यायचा तो दोन दिवसांतून एक, मग आठवड्यातून एक. मामा चहाच्या वेळी फोन टेबलावर उताणा ठेवत आणि त्याच्याकडे बघत नसल्याचं दाखवत. मी विचारलं तर म्हणाले, पोर हुशार झाली, स्वतः सोडवते.

खरं काय ते त्यांना घरी कळलं. लेकीची वही जेवणाच्या टेबलावर उघडी पडली होती. क्लासचे सर दर शनिवारी घरी सोडवलेली चार गणितं तपासून परीक्षेसारखे मार्क देत. वहीत अक्षर लेकीचं होतं, पण मांडणी तिची नव्हती. प्रत्येक ओळ 'म्हणून'च्या तीन टिंबांनी सुरू होत होती, शेवटी पट्टीने ओढलेली दुहेरी रेघ. तशी रेघ मामांनी आयुष्यात एकाच माणसाला ओढताना पाहिलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ.

धाकटा कुठल्याशा मोठ्या कंपनीत इंजिनियर होता. दोघं भाऊ एकाच खोलीत, एकाच कंदिलाएवढ्या दिव्याखाली शिकले. कोणी कोणासाठी शिक्षण सोडलं वगैरे काही झालं नव्हतं. मामांना वाचायचा कंटाळा होता, एवढंच. पण गणिताचं उत्तर नेहमी तेच आधी सांगत. धाकटा मग ते उत्तर येईपर्यंत पानभर पायऱ्या लिहीत बसे, आणि मार्क त्याला जास्त. "उत्तर माझं, मार्क त्याचे," हे वाक्य मी त्यांच्याकडून त्या आठवड्यात निदान नऊ वेळा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी वहीच्या त्या दोन पानांचा फोटो घेऊन ते माझ्याकडे आले. फोटो बायकोला काढायला लावला होता, लेक आंघोळीला गेली असताना. मामी म्हणाल्या म्हणे, अहो, सवतीची पत्रं शोधतात तसं काय चाललंय तुमचं. पण फोटो त्यांनी काढून दिला.

गणित असं होतं. दोन नळ मिळून एक टाकी सहा तासांत भरतात. एकट्या मोठ्या नळाला लहान नळापेक्षा पाच तास कमी लागतात. तर एकटा लहान नळ टाकी किती तासांत भरेल? चार मार्क.

लेकीने पुस्तकाच्या पानाचा फोटो घाईत काढला होता. खालची ओळ, म्हणजे नेमका प्रश्न, फोटोच्या बाहेर राहिला होता. तो फोटो तिने दोघांनाही पाठवला होता, आधी बापाला, मग काकाला. अर्धं ड्रॉइंग बघून मामा मशीन चालू करणाऱ्यातले नव्हेत. त्यांनी फोन करून शेवटची ओळ वाचून घेतली होती. मग टाकीत तीस बादल्या पाणी धरलं. मोठा नळ दहा तासांत भरत असेल तर तासाला तीन बादल्या, लहान पंधरा तासांत तर दोन, मिळून पाच, आणि तीसला पाचाने भागलं की सहा. जुळलं. चौकोनात 'पंधरा तास'.

काकाने विचारलं नाही. त्याने मोठ्या नळाची वेळ x तास मानली, म्हणजे लहान नळाची x + ५. एका तासात मोठा नळ टाकीचा १/x भाग भरतो, लहान १/(x + ५), दोन्ही मिळून १/६. त्यावरून समीकरण, मग तिरकस गुणाकार, मग x² − ७x − ३० = ०, मग अवयव (x − १०)(x + ३), मग 'वेळ ऋण नसते म्हणून x = −३ अमान्य', आणि शेवटी 'उत्तर : १० तास'. दुहेरी रेघ.

दहा तास मोठ्या नळाचे. विचारला होता लहान.

लेकीने वहीत दोन्ही पद्धती लिहिल्या होत्या, एकाखाली एक. सरांनी दोन्ही तपासल्या होत्या. बापाच्या पंधरा तासांना एक मार्क, शेजारी शेरा : 'कसं आलं?' काकाच्या दहा तासांना तीन.

"मॅडम," मामा हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या शिक्षणात असं शिकवतात का? चुकलेल्या जॉबला तीन आणि बरोबर जॉबला एक?"

मी म्हटलं, सरांचं बरोबर आहे. x काय ते सांगितलं त्याचा एक मार्क, समीकरणाचा एक, ते सोडवून नको ती किंमत कारण सांगून वगळली त्याचा एक, आणि विचारलेल्याचं उत्तर दिलं त्याचा एक. काकाचा फक्त शेवटचा गेला.

"आणि माझे पहिले तीन?"

"तुम्ही लिहिलेच नाहीत."

ते उठून गेले. दोन दिवस चहाला आले नाहीत. दुसऱ्या टेबलावर पाठ करून बसत, आणि माझ्याकडून गेलेला प्रत्येक शाफ्ट, म्हणजे कातलेला दांडा, स्वतः पुन्हा मोजत.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर एक कार्ड ठेवलं. आदल्या सोमवारी त्यांनी ज्येष्ठ कारागीर म्हणून शेजारच्या लेथवाल्याची चाळीस शाफ्टची पेटी परत पाठवली होती. सगळे शाफ्ट मापात होते. पण मधल्या टप्प्यांची मापं कार्डावर भरलेली नव्हती. मामांनीच लाल पेनाने लिहिलं होतं : 'माप कुठून आलं? नोंद नाही. परत.'

त्यांनी ते वाचलं. आपलंच अक्षर अनोळखी असल्यासारखं फिरवून पाहिलं.

"हे वेगळं," म्हणाले.

"कसं?"

"हा लोखंडाचा मामला आहे." मग कार्ड उलटं करून त्याच्या कोऱ्या पाठीवर पेन टेकवलं. "पहिली ओळ काय लिहायची असते?"

भावाला विचारणं शक्यच नव्हतं, म्हणून ते त्याच्याच पानावरून शिकले. तो फोटो त्यांच्या फोनमध्ये कायम राहिला. टाकीचं गणित त्यांनी मांडून काढलं, x मोठ्या नळाला धरून, आणि शेवटी x + ५ = १५ ही ओळ इतकी दाबून लिहिली की कार्डाला भोक पडलं. "इथे घसरला आपला इंजिनियर," हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते काही फार चांगलं नव्हतं.

मग स्पर्धा लागली. लेकीला त्यांनी सांगितलं, काकाला पाठव, माझी हरकत नाही, पण मलाही पाठव. फोटो आला की चहा बाजूला. 'समजा', समीकरण, पायऱ्या, अमान्य किंमत, उत्तर, एकक. खाली ताळा, म्हणजे उत्तर गणितात परत घालून बघणं; त्याला मार्क नसले तरी. पाठवून झालं की लेकीला सहज विचारल्यासारखं विचारत, "काकाचं आलं का?" आलं असेल तर घड्याळ बघत. नसेल तर मला बिस्किट देत. भाऊ घरी यायचा म्हटला की यांना ओव्हरटाईम आठवे. मामी म्हणाल्या, दोन म्हातारे एका दहावीला बसलेत.

परीक्षेत गणिताचा पेपर दुपारी दोनला सुटला. मामांनी त्या दिवशी जेवणाची सुट्टी उशिरा घेतली होती. सव्वादोनला फोटो आला. शाळेच्या पायरीवर बसून प्रश्नपत्रिकेचा काढलेला असावा, पण पानाचे चारही कोपरे आत होते, शेवटच्या ओळीसकट. तेवढ्यानेच ते खूश झाले.

एक मालवाहू गाडी १८० किलोमीटर जाते. येताना तिचा वेग ताशी १५ किलोमीटरने जास्त, म्हणून एक तास कमी लागतो. जाऊन-येऊन एकूण किती तास?

मामांनी डबा उघडलाच नाही. समजा, जातानाचा वेग ताशी x किलोमीटर. १८०/x − १८०/(x + १५) = १. मग x² + १५x − २७०० = ०. अवयव शोधायला त्यांना मिनिटभर लागलं : (x + ६०)(x − ४५). वेग ऋण नसतो म्हणून x = ४५. मी ओठ मिटून बसले होते, कारण घसरायची जागा हीच होती. त्यांनी पेन उचललं, फोटोतली शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि लिहिलं : जाताना चार तास, येताना तीन, एकूण ७ तास. पट्टी मागितली. दुहेरी रेघ ओढली.

पाठवलं आणि लगेच फोन लावला. "बघ, आलं का? असंच लिहिलंस ना? काकाचं काय आलं?"

लेक काय म्हणाली ते मला ऐकू आलं, कारण ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवत.

"बाबा, मी सोडवलं ना आत. सात तास. ताळापण केला. तुम्हा दोघांना नुसतं जुळवायला पाठवलं."

मागे मैत्रिणींचा गलका होता. ती म्हणाली, ठेवते हं, आणि ठेवलाही.

मामा चौकोनाकडे, म्हणजे आता रेघेकडे, बघत बसले. पोरीचे चारही मार्क आले असावेत हे त्यांना कळत होतं. तरी चेहरा असा, जणू तयार जॉब त्यांच्या हातून कुणी काढून नेला. भावाचा मत्सर करायला निदान भाऊ होता. आता कुणाचा करायचा?

डबा उघडून त्यांनी दोन घास खाल्ले. मग पुन्हा फोन उचलला आणि एक नंबर शोधायला बराच वेळ लावला.

"काय रे," पलीकडून उचलल्यावर ते म्हणाले, "तुलाही जुळवायलाच आला का?"

भावाचा आवाज आला.

"हो दादा. मी मीटिंग सोडून बाहेर आलो होतो सोडवायला."

मामा हसले. इतके की शेजारच्या लेथवाल्याने मान वळवून पाहिलं. मग विचारलं, "एकूण वेळ लिहिलास ना, की नुसता वेग?"

पलीकडून आधी कागद उलगडल्याचा आवाज आला, मग पेनाच्या खटक्याचा.