व्याज कुठून धरायचं

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. बायकोलाही सांगितली नाही. आता टाळायचा कंटाळा आला आहे, म्हणून लिहितो.

बेलापूरला एका वकिलाच्या ऑफिसात मी निवाड्यांचे सारांश करायचो. लवादाचा निवाडा इंग्रजीत, शंभराच्या वर पानांचा असायचा. पक्षकाराला तो मराठीत दोन पानांत हवा असे. पुढे पुढे वकीलसाहेबही माझीच दोन पानं वाचू लागले. "काका, तुम्ही वाचलंत ना? मग झालं," म्हणायचे. मला ते आवडायचं, हेही लिहून ठेवतो.

करावे गावातला एक ठेकेदार आमचा पक्षकार होता. एपीएमसी मार्केटजवळच्या शीतगृहाचं काम त्याने घेतलं होतं. कंपनीने त्याचं शेवटचं बिल अडकवलं. तो खेपा घालत राहिला आणि दाव्याची मुदत संपत आली तेव्हा कुठे त्याने नोटीस दिली. बिल आणि नोटीस यांच्यात जवळजवळ तीन वर्षं गेली होती. नोटीस दिल्यावर लवाद नेमला गेला.

त्याच्या मागण्या तीन होत्या: बिल, जागा वेळेवर न मिळाल्याने बसून राहिलेल्या मजुरांची भरपाई, आणि बुडालेला नफा. कंपनीचं म्हणणं, काम उशिरा आणि कच्चं झालं, म्हणून दंड कापला. उलट आम्हालाच पैसे द्या. लवादाने साक्षीपुरावा पाहून ठरवलं की उशीर कंपनीचाच, दंड कापणं बेकायदा. बिल मंजूर, भरपाई मंजूर, नफ्याचा पुरावा नाही म्हणून तो नामंजूर. कंपनीची उलट मागणी फेटाळली.

इथपर्यंत माझा सारांश बरोबर होता. चूक व्याजात झाली.

आदेशाच्या शेवटच्या परिच्छेदात एवढंच होतं, की व्याज त्या मुद्द्यावरच्या निष्कर्षाप्रमाणे. मी मागे जाऊन तो निष्कर्ष काढला, पण त्याची शेवटची ओळच वाचली: नोटिशीच्या तारखेपासून निवाड्यापर्यंत नऊ टक्के, सरळ व्याज. ती ओळ फक्त भरपाईबद्दल होती. बिलावरचं व्याज बिल देय झालं त्या दिवसापासून होतं. ते वरच्या पानावर होतं आणि ते पान मी उलटलं नाही; बिलावरचं जवळजवळ तीन वर्षांचं व्याज तिथेच गळलं. भरपाईची रक्कम नक्की नसते, म्हणून तिचं व्याज बरेचदा नोटिशीपासून धरतात. बिलाचं तसं नसतं. हे मी नव्या मुलांना शिकवायचो. शिवाय निवाड्यानंतर पैसे मिळेपर्यंत बारा टक्के दिले होते, तेही आधीचं व्याज मिळवून झालेल्या एकूण रकमेवर. म्हणजे पाया चुकला की वरचंही चुकतं.

मग कंपनीचा निरोप आला: कोर्टात निवाड्याला आव्हान देऊ, नाहीतर एकरकमी घ्या आणि विषय संपवा. ठेकेदार बायकोला घेऊन ऑफिसात आला. माझी दोन पानं त्याच्या हातात होती.

"मास्तर, मना येवढंच सांगा. ते देतान ते निवाड्याच्या जवल हाय का नाय?"

मी माझ्या आकड्याशी ताडून पाहिलं. "जवळच आहे. थोडंच सोडावं लागेल."

"मंग घेतो. कोरटात जाऊन मी म्हातारा व्हईन."

"झालायसच की," त्याची बायको म्हणाली. सगळे हसले. मीही.

त्याने तडजोडीवर सही केली, पुढे काही मागणार नाही असं लिहून दिलं. त्यानंतर काही दिवसांनी फाईल बंद करताना ते वरचं पान माझ्या नजरेला पडलं. मी हिशेब पुन्हा केला. त्याने थोडं सोडलं नव्हतं, बरंच सोडलं होतं. खरा आकडा कळता तर तो थांबला असता. निदान नाही म्हणायची संधी त्याला मिळाली असती. वकीलसाहेब शेजारच्या खोलीत होते. मी फाईल बांधली आणि कपाटात ठेवली.

निवृत्तीनंतर एकदा करावेला गेलो. बसमध्ये वाक्य जुळवलं होतं: "व्याज मी चुकीचं धरलं, त्यामुळे तुझं नुकसान झालं." तो ओट्यावर बसला होता. मला पाहून त्याने घरात हाक मारली, "मास्तर आलान, चाय टाक." मग शेजाऱ्याला म्हणाला, "वकिलाचं आमाला कवा कललं नाय. यानी दोन पानांत समजावलं, तवा सही केली."

मी चहा प्यालो. निघताना त्याच्या बायकोने सुके बोंबील बांधून दिले. कोपऱ्यापर्यंत तो सोबत आला. "काय बोलाचं होतं का, मास्तर?" त्याने विचारलं.

"नाही, सहज आलो होतो," मी म्हणालो.

तो वारला, हे मला महिनाभराने कळलं. बारावंही होऊन गेलं होतं. ते वाक्य अजून तसंच पाठ आहे.