कागदावरची चकाकी, अंड्यावरची चकाकी

व्हिडिओ कॅमेऱ्याच्या भोकाला डोळा लावला की आत काडेपेटीहून लहान काळा-पांढरा पडदा दिसायचा. त्याच्या बाजूला एक बटण होतं. ते फिरवलं की चित्रातल्या ज्या कडा नेमक्या फोकसमध्ये असतील त्या पांढऱ्या झगमगायला लागायच्या. फोकसचं कडं जरा इकडेतिकडे झालं की झगमग विझायची. ह्याला पीकिंग म्हणतात. अक्कांनी मला ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी घाबरून हात मागे घेतला. म्हटलं, हे सगळं पांढरं पांढरं नवरीच्या तोंडावर उमटायचं.

"टेपवर काही जात नाही गं," अक्का हसल्या. "ती चकाकी फक्त तुझ्यासाठी."

आपल्या एकटीसाठी काही असतं हे ऐकायची मला सवय नव्हती. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न झालं आणि बार्शीहून एकदम बंगळूर. नवरा शहराबाहेर आनेकलच्या एका छोट्या कारखान्यात लेथ मशीनवर होता. आम्ही जयनगरात भाड्याच्या खोलीत राहत होतो, कारण मालकीणबाई मराठी बोलायच्या. त्याच अक्का. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, बोलण्यात निम्मं कन्नड, आणि खालच्या मजल्यावर त्यांचं व्हिडिओचं युनिट. लग्नात नवरीच्या खोलीत पुरुष कॅमेरावाला नको म्हणणारी घरं बरीच होती, म्हणून त्यांनी मला शिकवलं. शालूच्या जरीवर नको, पापण्यांवर चकाकी येईपर्यंत थांब, एवढाच धडा. मी तो देवाचं नाव घेतल्यासारखा पाळायची. नव्वदीच्या शेवटच्या वर्षांपर्यंत मी बंगळूरच्या कितीतरी नवरीमुलींच्या पापण्या पाहिल्या होत्या, आणि दर वेळी घरी येताना वाटायचं, आज काहीतरी चुकलं असणार, उद्या अक्का म्हणतील, राहू दे आता.

मग रेशमाचं काम आलं. रेशीम खात्यातल्या एका मॅडमना शेतकऱ्यांसाठी फिल्म करायची होती. तीत रेशमाच्या किड्याचं अंडं फुटून अळी बाहेर येते ते अगदी जवळून हवं होतं. अक्कांनी मॅडमसमोरच माझ्याकडे बोट केलं. "ही करेल. हिचा हात हलत नाही."

हात हलत नव्हता, हे खरं. पण अळीसमोर तो कधी धरला नव्हता.

रेशमाची अंडी जाड कागदावर चिकटलेली असतात, मोहरीहून लहान, चपटी. फुटायला आली की निळसर होतात. त्या वेळी ती काळ्या कागदात गुंडाळून अंधारात ठेवतात, म्हणजे पुढे गेलेली अळी मागच्यांसाठी थांबते. मग सकाळी उजेडात उघडली की सगळ्या एकदम बाहेर पडायला लागतात. मॅडम अशी एक गुंडाळी डब्यात घालून घेऊन आल्या. मी लेन्सच्या पुढे जवळचं दाखवणारी भिंगाची काच लावली, आणखी जवळ नेणारं मागचं मॅक्रोचं कडं फिरवलं, पीकिंगचं बटण शेवटपर्यंत चढवलं. छोटा पडदा नुसता झगमगला. इतकी चकाकी मी आयुष्यात पाहिली नव्हती. मनात म्हटलं, जमलं गं बाई.

टेप मोठ्या टीव्हीवर लावली. कागदाचा धागा न् धागा दिसत होता, घोंगडीसारखा. आणि त्यावर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे धुरकट गोळे. अंडी. त्यातून एक काळा धूर वळवळत बाहेर आला, ती अळी.

"कागद फार सुंदर आलाय," मॅडम म्हणाल्या. "कागदावर फिल्म काढायची असेल तेव्हा तुम्हालाच बोलावीन."

त्या थट्टेत राग नव्हता, पण पुढचं वाक्य त्या अक्कांकडे बघून बोलल्या. आणखी एक गुंडाळी त्या आणतील. तीही अशी गेली तर मद्रासहून कॅमेरावाला बोलवावा लागेल.

त्या गेल्यावर अक्का वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "काय करू सांग. शब्द माझा गेलाय. ह्या वेळी नाही जमलं तर तू आपली नवरीच्या खोलीतच बरी. तिथं तुला कुणी काही म्हणत नाही."

अक्का प्रेमानंच बोलल्या होत्या, म्हणून जास्त लागलं. मला नवरीच्या खोलीचा राग नव्हता. पण तिथं परत जायचं म्हणजे तिथंच राहायचं, हे मला कळत होतं.

चूक कुठं झाली ते समजायला मी ती टेप पुन्हापुन्हा पाहिली. पीकिंगला अंडं कळत नाही, अळी कळत नाही. त्याला फक्त काळ्यापांढऱ्याची तीव्र कड कळते. कागद खरबरीत, धाग्यांनी भरलेला, म्हणून तो झगमगला. अंडं गुळगुळीत, एकाच रंगाचं, त्याच्यावर चकाकी धरायला काही नाही. कागदापासून अंड्याची पाठ अर्धा मिलिमीटर वर असेल, पण एवढ्या जवळून नीट दिसणारा पट्टाच तेवढा जाड नसतो. त्यात मी बटण पूर्ण चढवलेलं, म्हणजे जवळपास नीट असलेलंही नीट असल्यासारखं चमकणार. नवरीच्या खोलीतला धडा मीच विसरले होते. जरीवर गेले होते, पापण्यांवर नाही.

मॅडमना फोन करायला मी घाबरत होते. अक्कांनी नंबर फिरवून रिसीव्हर माझ्या हातात कोंबला.

"मॅडम, अंड्यावर काही रेघ, काही खडबडीतपणा असतो का?"

"असतो की. सूक्ष्मदर्शकात आम्ही पाहतो ना, बारीक जाळी असते टरफलावर. पण दिवा वरून टाकलात तर नाही दिसायची. बाजूनं टाका, अगदी आडवा. आणि दिवा लांब ठेवा हो, मागच्या वेळी माझ्या अळ्या भाजल्या असत्या!"

दिवा लांब म्हणजे उजेड कमी, उजेड कमी म्हणजे लेन्सचं तोंड उघडं ठेवायचं आणि नीट दिसणारा पट्टा आणखी पातळ. मी रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं की मला अंड्याचा कागद केसाएवढा वरखाली करायचाय, कॅमेरा न हलवता. तो भाताचा गोळा हातात तसाच धरून विचार करत राहिला.

"फोकसचं कडं कशाला आहे मग?"

"कडं फिरवलं की चित्र लहानमोठं होतं, आणि कॅमेरापण थरथरतो."

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यातून भंगारात काढलेला ड्रिल मशीनचा शिकंजा घेऊन आला, स्क्रू फिरवला की पाट हळूहळू सरकणारा. साफ करून, तेल देऊन, पाट वरखाली होईल असा उभा बसवून दिला. "मालकांना विचारलंय," हेही आधीच सांगून टाकलं, कारण मी तेच विचारणार होते.

तिसरी गोष्ट अक्कांनी दिली. एडिटिंगसाठी त्यांनी नुकताच कॉम्प्युटर घेतला होता, त्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. त्यात एक कार्ड होतं. कॅमेऱ्याची वायर जोडली की समोरचं चित्र थेट पडद्यावर यायचं, आणि त्यातला मधला चौकोन मोठा करून बघता यायचा. अक्कांनी स्वतः खुर्ची ओढून मला बसवलं. मोठं केलेलं चित्र जरा दाणेदार व्हायचं, पण धुरकट आणि नीट ह्यातला फरक लपत नव्हता. एकच होतं, चित्र हातापेक्षा किंचित उशिरा यायचं. स्क्रू फिरवला की थांबायचं, बघायचं, मग पुन्हा. आधीच्या गुंडाळीतली रिकामी टरफलं ठेवून मी सराव केला. पीकिंगचं बटण निम्म्याखाली आणलं. आडव्या उजेडात टरफलावरची जाळी पडद्यावर दिसली तेव्हा अक्का म्हणाल्या, "अय्यो, हे तर मेदूवड्यासारखं दिसतंय."

मॅडम दुसरी गुंडाळी घेऊन सकाळीच आल्या. खोलीत काळे पडदे. वरून खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याखाली अंड्यांचा कागद शिकंज्यावर बसवला, दिवा लागला. मी भोकाला डोळा लावला. कागदाच्या धाग्यांवर चकाकी होती. तिला बघून ह्या वेळी मला चीड आली.

स्क्रू अगदी थोडा. कागद खाली गेला, धागे विझले. काहीच चमकत नव्हतं.

"कॉम्प्युटरवर बघ," अक्का हळूच म्हणाल्या.

मोठ्या चौकोनात अंड्याची कड धुरातून वर येत होती. मी थांबले. मग आणखी थोडा. आता पाठीवर जाळी उमटली, आणि भोकातून पाहिलं तर चकाकीचा एक बारीकसा कंगोरा अंड्याच्या पाठीवर चढून बसलेला. कागदावर एकही चमक नाही.

"सरी, जमलं," अक्का म्हणाल्या. "आता हात काढ."

आम्ही वाट पाहिली. मॅडम माझ्या खांद्यामागून बोटानं दाखवत होत्या, तो काळा ठिपका बघा, ते डोकं. टेप चालू केली. ठिपका आतून सरकला. टरफलाला एका कडेला भोक पडलं, आणि ते मोठं व्हायला लागलं. अळी आतून कुरतडत होती.

डोकं बाहेर आलं आणि लेन्सकडे वर उठलं. चकाकी विझली. तयारी मी अंड्याची केली होती, उठणाऱ्या डोक्याची नाही. कॉम्प्युटर उशिरा सांगणार हे माहीत होतं, म्हणून मी तो सोडला आणि भोकातच पाहिलं. स्क्रू इतका हळू फिरवला की बोटांनाही कळू नये. आणि एकदम चकाकी आली, डोक्यावर, मग अंगावरच्या केसांवर, एकेका केसावर वेगळी. अळी काळी आणि केसाळ, पीकिंगला ह्याहून चांगलं काय हवं! ती वर उठली की कागद खाली, ती वाकली की कागद वर. ती बाहेर पडत होती आणि चकाकी तिच्याबरोबर चालत होती. शेवटचा भाग ओढून तिनं टरफल सोडलं आणि चौकटीबाहेर निघून गेली, जणू काही विशेष झालंच नाही.

टीव्हीवर टेप लावली. टरफलाच्या भोकाच्या कुरतडलेल्या कडा दिसत होत्या, आतून बाहेर आलेलं चकचकीत काळं डोकं, केस. मॅडम पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की अक्कांनी त्यांना मागे ओढलं.

"हे मी सूक्ष्मदर्शकात पाहिलंय," मॅडम म्हणाल्या. "पण ही अशी आपल्याकडे चालत येताना कधी नाही पाहिली. पुन्हा लावा." पुन्हा लावलं. "पुन्हा." मग माझ्याकडे वळून, "कागद कुठं गेला हो?"

"खाली राहिला मॅडम."

तिघी इतक्या हसलो की बाहेरून अक्कांचं कुत्रं भुंकायला लागलं. मद्रासचं नाव कुणी काढलं नाही. मॅडमनी जातानाच कोष फोडून बाहेर येणाऱ्या पतंगाचं काम सांगितलं. संध्याकाळी नवरा दारात चपला काढतानाच माझा चेहरा बघून म्हणाला, "शिकंजा परत न्यायचा नाही तर!"

त्याच आठवड्यात मी कॉम्प्युटरवर बसले असताना बाहेर फोन वाजला. पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं, अक्कांचं सगळं ऐकू येत होतं. मुहूर्त, हॉल, नवरीच्या खोलीत बाईच हवी, ती मागच्या वेळची. माझा हात सवयीनं कॅमेऱ्याच्या पिशवीकडे गेला.

"ती नाही मिळायची," अक्का म्हणाल्या. "ती माझी कॅमेरामन आहे, तिला पतंगाचं काम आहे." मग जरा थांबून, मोठ्यानं, "अहो कागदाचा नाही, खराखुरा पतंग! तुमच्याकडे मी दुसरी पाठवते, तिलाही हिनंच शिकवलंय."

मी अजून कुणालाच शिकवलं नव्हतं. पण अक्कांनी शब्द दिला होता. म्हणून त्याच दुपारी समोरच्या घरातल्या सुनेला बोलावलं, तिचा डोळा भोकाला लावला, बाजूचं बटण हळूच फिरवलं आणि ती दचकून मागे सरकली तेव्हा म्हटलं, "घाबरू नकोस. टेपवर जात नाही. ही फक्त तुझ्यासाठी."