अंकल म्हणजे अपुरा पत्ता

आमच्या आजोबांना अर्धवट सांगितलेलं चालत नसे. कोणी दारातून आत येऊन "पाहुणे आलेत" म्हणालं, की ते चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "पत्ता अपुरा." मग सांगणाऱ्याने कुठले पाहुणे, कोणाकडचे, जेवून जाणार की नुसत्या चहावर, हे सगळं नीट सांगायचं. तीस-बत्तीस वर्षं टपालखात्यात सॉर्टिंग केलेला माणूस, निवृत्त झाल्यावर मुलुंडच्या दोन खोल्यांत आमचंच सॉर्टिंग करत बसे.

मी सहा वर्षांची असताना आम्ही कॅनडाला गेलो. आजोबा, आजी आणि बाबांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका-काकू, मुलुंडला राहिले. आईचे आईवडील माझ्या जन्माआधीच गेले होते. तिच्या माहेरचं असं एकच माणूस उरलं होतं, घाटकोपरचा मामा. तो मालवणी बाण्याचा, मनाने मोठा आणि नाकानेही मोठा. रुसला की वर्षभर रुसे.

आजोबा दर महिन्याला निळं आंतरदेशीय वाटावं असं पातळ परदेशी पत्र पाठवत. कडेकडेपर्यंत लिहीत आणि चिकटवायच्या घडीवरही 'आजीचा आशीर्वाद' कोंबत. मी उत्तर पाठवलं की पुढच्या पत्रात माझ्या चुका मोजून येत. "वेलांटी पाहुण्यासारखी दारात उभी ठेवू नये, तिला घरात घ्यावी," असं काहीतरी. मला राग येई, आणि पुढचं पत्र आलं नाही तर त्याहून जास्त येई.

मी अकरा वर्षांची झाले तेव्हा धाकट्या भावाचं जावळ काढायचं ठरलं. तो तिकडेच जन्मलेला, तिसरं लागलेला, आणि आईचा हट्ट असा की जावळ मेमध्ये मुंबईतच होईल आणि मामाच्या मांडीवरच होईल. आई कामावर निघायच्या घाईत होती. मला म्हणाली, "आजोबांना लिहितेयस ना? मग हेही लिही. मामाला आधी कळवायला सांग." तोवर माझ्या जिभेला तिकडचं वळण लागलं होतं. बाबांचे मित्र अंकल, शेजारचा म्हातारा अंकल, कॅसेटवर निरोप भरून पाठवायचा तर काकासुद्धा अंकल. मी लिहिलं, 'आई म्हणते, बाळाचं जावळ अंकलच्या मांडीवर करायचं. अंकलला आत्ताच सांगून ठेवा.'

नेमकं त्याच आठवड्यात आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डोळ्यावर पट्टी. पत्र वाचून दाखवलं काकाने. काका-काकूंना मूल नव्हतं. काका त्या ओळीशी थांबला, परत वाचली आणि म्हणाला, "अण्णा, वहिनीने मला मान दिला हो." आजोबांना तिथल्या तिथे कळलं की पत्ता चुकलाय. पण मुलाचा आवाज ऐकून ते गप्प बसले. आयुष्यात त्यांनी चुकीच्या घरी जाणारं टपाल बघून गप्प बसण्याची ती एकच वेळ असावी. ती भलतीच महागात पडली.

कारण काका दोनच दिवसांत नवा झब्बा शिवायला टाकून आला आणि वाटेत घाटकोपरला उतरून मामालाही आमंत्रण देऊन आला! मामाने चहा पाजला. काका निघाला तसा मामा म्हणाला, "माझ्या भाच्याचा जावळ, आणि मांडी काकाची? मगे मी थंय येवन काय करू?" आणि त्याच संध्याकाळी त्याने आजोबांना निरोप धाडला, की बहिणीला सांगा, माहेर संपलं.

पट्टी सुटल्यावर आजोबांनी पहिलं काम केलं ते मला पत्र लिहिण्याचं. ते पत्र माझ्याकडे आहे. डोळा अजून दुखत असणार, अक्षरं बोराएवढी आहेत.

'चि. मीनल हीस अनेक आशीर्वाद. तू पाठवलेला अंकल चुकीच्या घरी पोचला. चूक तुझी नाही, शब्दाची आहे. अंकल म्हणजे पाकिटावर नुसतं मुंबई लिहिणं. एवढ्या मुंबईत पोस्टमनने जायचं कुठे? काका म्हटलं की बापाचा भाऊ, मामा म्हटलं की आईचा भाऊ, पिनकोडासकट. तुझ्या आईला तर तिकडे एका सिस्टर-इन-लॉमध्ये नणंद, जाऊ आणि वहिनी अशा तिघींना बसवावं लागत असेल. त्या तिघी एका खोलीत तरी बसतील का?

'आमचे शब्द जातानाचा रस्ता सांगतात आणि येतानाचाही. मामाचा मुलगा तुझा मामेभाऊ, पण तू त्याची आतेबहीण, कारण तुझी आई त्याची आत्या. दोन भावांची मुलं मात्र दोन्हीकडून चुलतच आणि दोन बहिणींची दोन्हीकडून मावसच. कागदावर मांडून बघ, समजेल.

'हे शब्द उगाच झालेले नाहीत. प्रत्येकाला काम नेमून दिलंय. जावळाला मांडी मामाची, लग्नात मुलीला बोहल्यावर आणायचं मामाने. का? तर बाईने माहेर सोडलं तरी माहेराने तिला सोडलेलं नाही, हे चारचौघांत दिसावं म्हणून. मामाची मांडी काढून घेतलीस तर तुझ्या आईचं माहेर काढून घेतलंस. काकाला यात काम नाही, कारण काका घरचाच. मान पाहुण्याला, घरच्याला हक्क. बाळ मामाचा भाचा आणि काकाचा पुतण्या. इंग्रजीत दोन्ही नेफ्यू. पण पुतण्या या शब्दात पुत्र आहे, हे तुझ्या काकाला तू सांग. मी सांगितलं तर तो रडेल.

'तेव्हा दोन पत्रं लिही, दोन वेगळ्या घरी. अंकल हा शब्द एकातही नको.'

मी लिहिली. आयुष्यात इतकी घाबरून मी परीक्षाही दिली नाही. मामाला लिहिलं, 'मामा, चूक माझी आहे, आईची नाही. तू आला नाहीस तर बाळाचे केस तसेच राहतील.' काकाला पुत्राचं लिहिलं, आणि आजोबांचं नाव सांगितलं नाही.

मेमध्ये मुलुंडच्या त्या खोलीत मामा आला. कोणाशी न बोलता पाटावर बसला आणि मांडी थोपटून म्हणाला, "हाडा त्येका हय." आई तोंडाला पदर लावून आत गेली. बाळाने कात्री बघून जो गळा काढला, तो काही केल्या आवरेना. तेव्हा मामाच म्हणाला, "ओ काका, बघतास काय? तुमचो पुतण्यो मां? धरा त्याची टकली." काका नवा झब्बा घालून दाराशी उभा होता. तो पुढे झाला. मांडी मामाची, हात काकाचे. आजोबा चष्मा पुसत म्हणाले, "पोचलं."

अंकलबद्दलच्या त्या पत्राच्या शेवटी आजोबांनी एक कबुली दिली होती. तिचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता. 'आपल्या भाषेने एके ठिकाणी मात्र पत्ता अपुरा ठेवलाय. शेजारच्या गुजराती घरात दादा वेगळे, नाना वेगळे. आपल्याकडे बापाचे वडील आजोबा आणि आईचे वडीलही आजोबाच. तुझ्या आईचे वडील तू पाहिले नाहीस. त्यांच्या नावाचं टपालही माझ्याकडेच येतं. मी ते परत पाठवत नाही.'

चार वर्षांनी ते गेले. फोन पहाटे आला. मुंबईला एकटे बाबाच जाऊ शकले. मी दोन दिवस शाळेत गेले नाही. तिसऱ्या दिवशी शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी गैरहजेरीचा फॉर्म पुढे केला आणि मायेने विचारलं, आजोबा आईकडचे की वडिलांकडचे?

मी म्हटलं, दोन्हीकडचे.

त्यांना वाटलं, मला इंग्रजी नीट समजलं नाही. त्यांनी तोच प्रश्न सावकाश, एकेक शब्द सुटा करून पुन्हा विचारला. मीही तेच उत्तर पुन्हा दिलं.