उलटून बघायचं नाव

येवल्याच्या पैठणी विणकरांच्या संस्थेला लेबलासाठी नाव हवं होतं. मी पत्रकं लिहायचो, म्हणून त्यांनी मला त्यांच्या साड्या विकणाऱ्या पार्ल्याच्या दुकानात बोलावलं. दुकानदार ‘परंपरा’वर अडून बसला होता. मला त्याचा संशय आला. ते नाव यंत्रमागाच्या साडीवरही सहज खपलं असतं.

मी ‘श्रमधागा’ सुचवलं.

“साडी नेसायचीय रे, मोर्चाला नाही जायचं,” संस्थेच्या विणकर मावशी म्हणाल्या.

मी समोरच्या पैठणीचा पदर उलटा केला. हातमागाचा होता, मागेही तोच मोर. यंत्रमागावर मागे सुटे धागे राहतात.

“‘दोन्हीकडून’ ठेवू या?”

मावशी हसल्या. दुकानदार मात्र आपल्या कपाटाकडे बघत म्हणाला, “मग गिऱ्हाईक बाकीच्या साड्याही उलटून बघेल ना.”

मावशींनी तिथेच नाव पक्कं केलं.