फ्रेमवरचं कुंकू

आमच्या ह्यांच्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदललाय. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. गोळीत औषध कमी भरलं तर गुठळी, जास्त झालं तर रक्तस्राव. म्हणजे ती खरी की खोटी, हा आमच्या घरी जिवाचाच प्रश्न. पण स्वस्त दिसलं की ह्यांचं डोकं फिरतं. एका दुपारी मोबाईल नाचवत म्हणाले, "ऑनलाइन, निम्म्या किमतीत! आणि दुकान आपल्या कार्ल्याचं. लायसन्सचा फोटोसुद्धा आहे."

फोटो मी मोठा करून पाहिला. फ्रेमच्या काचेवर दसऱ्याला लावलेलं कुंकू, एक ओघळ खाली आलेला. कार्ल्याचे आमचे जुने केमिस्टकाका दरवर्षी लायसन्सची पूजा करायचे, तीच फ्रेम. नावही त्यांचंच. काका जाऊन तीन वर्षं झाली होती.

"मुलाने चालवायला घेतलं असेल," हे म्हणाले. काकांना मुलगाच नव्हता, हेही ह्यांच्या लक्षात नाही! शिवाय ऑर्डर भरताना डॉक्टरांची चिठ्ठी कुठेच मागितली नव्हती. खरं दुकान ही गोळी चिठ्ठीशिवाय देत नाही. मी ह्यांना पैसे भरू दिले नाहीत आणि आमच्या भाजे गावाहून रिक्षाने तडक कार्ल्याला गेले.

शटर बंद. कुलुपावर गंज, पायरीवर गवत. भर उन्हात तिथे उभं राहून मी वेबसाइटवरचा नंबर लावला.

"बोला ताई," मऊ, म्हाताऱ्या आवाजात कुणीतरी म्हणालं.

"दुकान चालू आहे का?"

"चालूच आहे. दुकानातच बसलोय. समोर गिऱ्हाईक आहे."

समोर मी होते. मला बंद शटरकडे पाहवेना. तरी विचारलं, "फार्मासिस्ट कोण?"

त्याने काकांचं पूर्ण नाव सांगितलं. "मीच."

तेवढ्यात मागच्या घरातून काकू आल्या. मी फोन पदराखाली दाबून हळूच सगळं सांगितलं आणि मग स्पीकरवर टाकला.

"लायसन तर मी कवाच पुण्याच्या हापिसात परत केलं," त्या पुटपुटल्या. "फोटू कुणी काढला कुणाला ठावं."

"ताई, पाठवू ना? चिठ्ठी नको," आवाज म्हणाला.

काकूंनी माझ्या हातून फोन घेतला. मला वाटलं, आता शिव्या देणार. त्यांनी पदर नीट केला आणि फोन तोंडाजवळ धरला.

"अवो," त्या म्हणाल्या, "जेवलात का?"

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग फोन कट झाला.

त्या वेबसाइटची तक्रार मी औषध प्रशासनाकडे केली, ह्यांची गोळी चिठ्ठी दाखवून लोणावळ्याच्या दुकानातून घेतली. पण तेव्हा, त्या पायरीवर, काकू फोन परत देईनात. "थांब जरा," त्या म्हणाल्या, "परत लावतील."