लाल गाडी आणि अर्धा तास

गाडी मला बघताक्षणी आवडली. खडकीच्या क्वार्टर्समध्ये कडुनिंबाखाली ती उभी होती, छोटी, लाल, पाच-सहा वर्षं वापरलेली. मी रिक्षातून उतरले ती हसतच. बाबांनी माझ्या दंडाला धरून मला बाजूला घेतलं.

"तोंड बंद कर," ते म्हणाले. "आवडली हे त्याले दिसलं की झालं."

बाबा एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होते, वर्धा डेपोला. निवृत्त झाल्यावरही आमच्या गल्लीत कुणाला दुचाकी घ्यायची असली तरी आधी ती बाबांना ऐकवायला आणायचे. बाबा इंजिनाजवळ उभे राहायचे, मान तिरकी करायचे, आणि 'घे' किंवा 'नको' एवढंच म्हणायचे. मला हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागून तीन वर्षं झाली होती आणि दोन बस बदलून ऑफिस गाठण्याचा मला मनस्वी कंटाळा आला होता. गाडी घ्यायची हे ठरलं होतं. पण बाबा 'घे' म्हटल्याशिवाय मी ती घेणार नव्हते, आणि बाबा फक्त त्या रविवारपुरते पुण्यात होते. त्यात गाडीच्या मालकांनी फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं की पाचला दुसरं गिऱ्हाईक येणार आहे. म्हणजे आमच्या हातात साडेचार ते पाच.

मालक दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. इस्त्रीचा पायजमा, खिशाला पेन. बाबांनी नमस्कार केला आणि बोलायच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवला. गाडी सकाळपासून चालू करू नका, असा निरोप त्यांनी माझ्याकडून आदल्या दिवशीच पोचवला होता. आधीच गरम करून ठेवलेली गाडी कशीही असली तरी शहाण्यासारखी वागते. तिची खरी खोड थंड असतानाच कळते.

"थंड आहे," मालक म्हणाले. "मला गाडी विकायची आहे, चहा नाही. गरम कशाला ठेवू?"

बाबांना ते उत्तर आवडलं. मला कळलं, कारण त्यांनी लगेच चप्पल काढली.

त्यांची ही पद्धत मी लहानपणापासून बघत आले आहे. पहिल्यांदा गाडीभोवती एक फेरी, अनवाणी. चारही टायरांवरून हात फिरवायचा, वरून नाही, आतल्या कडेवरून. टायर एकाच कडेला झिजला असेल तर चाकं सरळ नाहीत किंवा गाडी कुठेतरी आपटली आहे. मग दारं उघडून लावायची. चारही दारांचा आवाज सारखा आला पाहिजे. मग इंजिनाच्या ऑइलचं झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला बोट. तिथे साय धरल्यासारखं पांढरं लागलं तर ऑइलमध्ये पाणी शिरतंय, आणि मग नमस्कार करून घरी जायचं. बाबांचं बोट काळं आलं. मी खिशातल्या यादीवर खूण केली. हो, यादी. दोन पानं, ऑफिसच्या प्रिंटरवर काढलेली. माझं कामच ते होतं, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या.

"हे काय?" मालकांनी विचारलं.

"तपासायच्या गोष्टी."

"लग्नाआधी एवढं बघितलं असतं तर," ते म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून मागच्या सीटवर जाऊन बसले.

बाबांनी चोक ओढला, किल्ली फिरवली. मी मागे उभी राहून धूर बघायचा असं ठरलं होतं. निळा आला तर इंजिन ऑइल जाळतंय, काळा आला तर पेट्रोल जास्त खातंय, पांढरा थोडा वेळ येऊन थांबला तर ती नुसती वाफ. पांढरा आला आणि मिनिटभरात थांबला. मला उडी मारावीशी वाटत होती. मी गंभीर चेहऱ्याने बाबांशेजारी जाऊन बसले.

"आता कोणी बोलायचं नाही," बाबा म्हणाले. "टेप बंद, पंखा बंद, काचा खाली." मालकांनी हाताची घडी घातली. टेस्ट ड्राइव्ह म्हणजे गप्पा मारत फिरून येणं, असं मला तोवर वाटायचं. एका मैत्रिणीने तशीच घेतली होती, मालकाने लावलेली गाणी ऐकत. पहिल्या आठवड्यात गाणी थांबली आणि गिअरबॉक्स ऐकू आला.

निघायच्या आधी बाबांनी हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. इंजिन धाडकन बंद पडलं. मी दचकले, पण बाबा खूश. बंद पडलं म्हणजे क्लच पकडतोय. तसंच गुरगुरत राहिलं असतं तर क्लच घसरतोय असं समजायचं. मग आम्ही रस्त्याला लागलो. पहिली दहा मिनिटं हळू, खराब रस्त्याने. प्रत्येक खड्डा बाबा मुद्दाम घेत होते, एकदा डाव्या चाकाने, एकदा उजव्या. त्यांचा डावा पाय क्लचवरून उतरला की गाडीच्या पत्र्यावर सपाट टेकायचा. "पुढून ठक नाही," ते स्वतःशी म्हणाले. मोकळा रस्ता लागल्यावर साठापर्यंत वेग नेला, स्टिअरिंग दोन बोटांत धरलं. ते थरथरलं नाही. आरशात मागे कोणी नाही असं बघून ब्रेक दाबला. गाडी ना डावीकडे ओढली, ना उजवीकडे. पुलाच्या उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय काढून घेतला. गिअर आपणहून सुटला नाही. उताराच्या तळाशी पुन्हा ॲक्सिलरेटर दिला आणि मला म्हणाले, "मागं बघ." मी मान वळवून बघितलं. निळा धूर नव्हता. काट्याने गरमी अर्ध्याच्या खाली दाखवली आणि तो तिथेच राहिला.

मी खुणांवर खुणा करत होते. पानाच्या कोपऱ्यात मी ऑफिसच्या पार्किंगचं चित्रसुद्धा काढलं, त्यात एक चौकोन लाल.

शेवटी एका मोकळ्या मैदानात बाबांनी स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं आणि सावकाश गोल चक्कर घेतली. तेव्हा मला तो आवाज आला. कट, कट, कट, कट. बारीक, कोरडा, चाकाच्या लयीत. मी बाबांकडे बघितलं. बाबा समोर बघत होते, चेहरा शांत. पूर्ण डावीकडे फिरवलं. आवाज नाही. स्टिअरिंग सरळ केलं.

"सगळं साफ आहे," बाबा म्हणाले. "घे."

मला खरं सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मी सुखावले. मनात म्हटलं, बाबांनी ऐकलं असेल आणि सोडून दिलं असेल. त्यांना कळतं. आपण कोण सांगणारे? गाडी माझी झाली होती. एक शब्द न बोलता ती माझीच राहिली असती. आणि मग मला सुचलं की बाबा कधीच काही सोडून देत नाहीत. दुचाकीच्या साखळीचा आवाज आला तरी ते गल्लीतल्या पोराला परत पाठवायचे.

"बाबा, उजवीकडे वळताना कटकट आली."

"कुठून?"

"पुढून. माझ्या बाजूने."

त्यांनी पुन्हा उजवी चक्कर घेतली. कट, कट, कट. मागे मालकांनीही मान पुढे काढली. बाबांनी पाय पत्र्यावर घट्ट दाबला. मग गाडी थांबवली, मला म्हणाले, "तू चालव," आणि खाली उतरून मैदानात उभे राहिले. मी स्टिअरिंग पूर्ण फिरवून त्यांच्याभोवती गोल फिरत राहिले. ते मान तिरकी करून उभे होते, गल्लीत राहायचे तसेच. मी त्यांच्या पुढून तीनदा गेले. तिन्ही वेळा आवाज स्पष्ट येत होता, आणि तिन्ही वेळा त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

मी गाडी थांबवली. बाबा खिडकीशी आले.

"मले नाही येऊन राहिला ऐकू," ते म्हणाले. "बारीक आवाज येतच नाहीत. दोन वर्षं झाली. इंजिन मांडीपाशी घेऊन तीस वर्षं बसलो, त्यानंच कान नेले."

दोन वर्षं. फोनवर दोन वाक्यं बोलून रिसीव्हर आईकडे देणारा माणूस मला आठवला. मी त्यांच्यावर रागावले होते. आता मोठी झाली, नोकरीला लागली, म्हणून बोलत नाहीत असं मी आईला सुनावलंही होतं. पण मागे मालक होते आणि पाचला पाचच मिनिटं होती.

बाबा मात्र कामालाच लागले. "मी एसटीवाला. तिची मागची चाकं ओढतात. हिची पुढची ओढतात आणि तीच वळतात. तिथला सांधा असंल."

मालक उतरले, पायजम्याची पर्वा न करता डाव्या चाकामागे वाकले आणि रुमाल आत घालून बाहेर काढला. रुमाल काळ्या ग्रीसने भरला होता. सांध्यावरचं रबर फाटून आतलं ग्रीस बाहेर आलं होतं.

"कारखान्यात आयुष्यभर मशीनचे दांडे घासले मी," ते म्हणाले. "आणि घरच्याच गाडीच्या दांड्याला ग्रीस नाही. मी रोज सरळ जायचो आणि सरळ यायचो. एवढं वळलोच नाही कधी." मग माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "मंगळवारपर्यंत बदलून देतो. माझ्या खर्चाने."

परत आल्यावर बाबांनी इंजिन चालूच ठेवायला लावलं. इंजिन थंड करणारा समोरचा पंखा आपणहून सुरू झाला, गाडीखाली थेंब पडला नाही. दाराशी दुसरं गिऱ्हाईक येऊन उभं होतं, नवरा, बायको आणि कडेवर मूल. मालकांनी घड्याळ बघितलं आणि बाबांना विचारलं, "मग आपलं काय ठरलं? घेताय?"

बाबांनी चपला पायात सरकवल्या.

"तिले विचारा," ते म्हणाले. "ऐकणारी तीच आहे."

त्या अनोळखी लोकांसमोर, स्वच्छ आवाजात, ते असं म्हणाले. मी 'घेतली' म्हणायच्या आधी बाबांकडे वळले आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल इतक्या मोठ्याने ओरडून विचारलं, "बाबा, सांधा बदलून मिळाला की घेऊ ना?"

"घे," बाबा म्हणाले. "अन् असंच बोलत जा माह्याशी."