छातीशी धरलेला फोन

सांगलीच्या शिबिरातून मिळालेलं कानाचं मशीन जाईबाई छातीशी बाळगत. काडेपेटीहून थोडी मोठी डबी. आत एक पेन्सिल सेल. डबीतून निघालेली वायर, आणि वायरीच्या टोकाला कानात बसवायचं बटण. डबीसाठी त्यांनी चोळीला आतून खिसा शिवला होता.

डबीच्या कडेला एक कळ होती आणि तीन अक्षरं: ओ, टी, एम. शिबिरातल्या माणसाने कळ एमवर सारली आणि बजावलं, "आज्जी, हितनं हलवायची न्हाई." जाईबाईंनी मान डोलावली. पण एकदा घामाने ओली झालेली डबी पुसताना कळ सरकलीच. घरातली भांडी, पोरं, कोंबड्या एका झटक्यात गप्प झाल्या. आणि ट्यूबलाइटखाली उभं राहिल्यावर भुंगा ऐकू आला. घुंऽऽ.

जाईबाईंना भीती वाटली नाही. नवल वाटलं. त्या टीव्हीजवळ गेल्या, तिथेही भुंगा. अंगणात गेल्या, भुंगा गायब. परत येऊन त्यांनी डबी हातात घेतली आणि ट्यूबच्या पट्टीकडे उंच धरली. भुंगा मोठा झाला. डबी खाली आणली, बारीक झाला.

"ट्यूबमदी भुंगा हाय," त्यांनी धनाजीला सांगितलं. धनाजी त्यांचा थोरला. त्याने कळ पुन्हा एमवर सारली आणि कानाशी ओरडला, "आई, मशीन बिघडवशील!"

ही गोष्ट उन्हाळ्यातली. पुढे दिवाळीनंतर, सहा वर्षं वाट बघून, आष्ट्यातल्या त्या घरात टेलिफोन आला. काळा, जड, चकतीचा. आणि दर रविवारी बाराच्या सुमाराला आसामातल्या तेजपूरहून राजरत्नचा फोन येऊ लागला.

राजरत्न धाकटा. शिक्षकाचा कोर्स अर्धा टाकून, न विचारता फौजेत गेलेला. स्टँडावर जाईबाई त्याला म्हणाल्या होत्या, "आता हितं तोंड दावू नगंस." स्टँड भरलेला होता. त्याला चार वर्षं झाली. तो आला नाही. आणि त्याच वर्षी तापातून उठल्यावर जाईबाईंचे कान गेले.

फोनवर धनाजी पाच-पाच मिनिटं बोले. मग आईकडे वळून ओरडे, "बरा हाय म्हणतोय!"

पाच मिनिटांत माणूस एवढंच बोलतो? जाईबाईंना ते पटत नसे. त्या रिसीव्हर कानाला लावून बघत. कानातल्या बटणातून स्वयंपाकघरातला झारा ऐकू येई, चोळीवर घासणाऱ्या पदराची खसखस ऐकू येई. लेक मात्र नाही. तो रागावलाय की नाही, हे आवाजावरून एका शब्दात कळलं असतं. तो एक शब्द मिळत नव्हता.

आम्रपाली, धनाजीची मुलगी, बाळंतपणाला माहेरी आली होती. एका रविवारी बाळाच्या नामकरणाला घर भरलं. बुद्धवंदना झाली, खीर झाली. तिची कॉलेजातली मैत्रीण माया वाईहून आली होती. मराठी घेऊन बी.ए. झालेली, आणि दिसेल ते वाचायची सवय असलेली.

"आज्जी, हे टी कशासाठी?" जाईबाई डबी बाहेर काढून पुसत होत्या, तेव्हा तिने डबीकडे बोट करून मोठ्याने विचारलं.

"भुंग्यासाठी," जाईबाई म्हणाल्या.

माया हसली नाही. तिने भुंग्याची सगळी हकीकत ऐकली आणि मशीनबरोबरचा कागद मागितला. तो ट्रंकेत, लसीच्या कार्डांखाली सापडला. इंग्रजी होता. माया उभ्या उभ्या वाचत गेली आणि तिचे डोळे मोठे झाले.

"आमू, टी म्हणजे टेलिफोन! हिच्यात तारेचं एक बारीक वेटोळं आहे. कळ टीवर नेली की माइक बंद. मग मशीन आवाज ऐकत नाही, चुंबकाचं थरथरणं ऐकतं. रिसीव्हरमध्येही चुंबक आणि वेटोळं असतं ना! आणि तो भुंगा ट्यूबच्या चोकचा!"

"म्हंजी आई खरं बोलत व्हती?" धनाजी म्हणाला.

"मग लबाड बोलती व्हय मी?" जाईबाईंनी त्याचे ओठ वाचले होते.

कळ टीवर गेली. घर गप्प झालं. आम्रपालीने ट्यूब बंद केली, टीव्हीही. रिसीव्हर जाईबाईंच्या कानावर, बटणावर दाबून धरला.

काही नाही.

त्यांनी मान हलवली. धनाजीने हात उडवले. माया कागद उलटसुलट करत राहिली. सगळ्यांची तोंडं हलत होती. जाईबाईंना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं, म्हणून त्या विचार करू शकल्या. ट्यूबपाशी आपण कान कुठे नेला होता? आपण डबी नेली होती. भुंगा डबीला कळत होता.

त्यांनी रिसीव्हर कानावरून काढला आणि उलटा करून छातीशी धरला. ऐकायची वाटी डबीवर टेकली. बोलायची वाटी वर, हनुवटीखाली आली.

"अगं बया," त्या म्हणाल्या. "वाजतंय."

डायल टोन येत होता. रुंद, स्वच्छ, मध्ये कसलीही खसखस नाही. आणि त्यात त्यांचा स्वतःचा आवाजही आला होता. "अगं बया," त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा आला. बोलायच्या वाटीत शिरून, ऐकायच्या वाटीतून डबीत उतरला. चार वर्षांत त्यांनी आपला आवाज इतका स्वच्छ ऐकला नव्हता.

मायाने रिसीव्हर हळूच काढून जागेवर ठेवला. नाहीतर फोन लागणार कसा? बारा वाजून गेले. जाईबाई कळ टीवरच ठेवून फोनपाशी बसल्या. घंटी त्यांना ऐकू आली नाही. सगळ्यांच्या माना वळल्या, तेव्हा कळलं. धनाजी पुढे आला. जाईबाईंनी त्याच्या हातावर चापट मारली आणि रिसीव्हर छातीशी घेतला.

खरखर. मग एक आवाज, थोडा जाड झालेला.

"दादा? इचारलंस का आईला? या खेपंला तरी इचार की. येऊ का मी, एवढंच. का अजून राग हाय तिला?"

जाईबाईंनी वाटी डबीवर आणखी घट्ट दाबली. खोलीत पंधरा माणसं होती आणि एकाचाही आवाज नव्हता. फक्त तो.

"दादा?"

"दादा न्हाई. मी हाय."

पलीकडून खोकल्याची उबळ ऐकू आली.

"आई? तुला... ऐकू येतंय?"

"समदं येतंय. खोकलतोस कशापायी? बिडी वडतोस व्हय रं?"

"न्हाई गं. थंडी लय हाय हितं." तो हसला. ते हसू पुढे वेगळंच झालं. जाईबाईंनी ते पुरं ऐकलं.

"मला वाटलं, तूच रागावलाईस," त्या म्हणाल्या. "कवा येतोस?"

"माघात रजा मिळंल."

"ये. आणि सांगून ये, मी स्टँडावर येती."

मिनिटं संपली, फोन कटला. त्यांनी कळ एमवर नेली. झारा, पोरं, बायका, सगळा कालवा पुन्हा अंगावर आला. धनाजी समोर खाली मान घालून उभा होता.

"दर रविवारी इचारायचा त्यो?"

"व्हय."

"आणि तू मला सांगितलं न्हाईस."

"अगं आई, कसं सांगू?" तो कानाशी आला. "तुला सांगायचं म्हंजी वरडून सांगायचं. समद्या गल्लीनं ऐकलं असतं. घरातली गोष्ट."

जाईबाईंनी त्याच्याकडे बघितलं.

"वरडायचं व्हतंस रं," त्या म्हणाल्या. "मी त्याला घालवला, तवा कुठं हळू बोलले व्हते?"